बेरीज जुळली, तरी ८६२ जास्त: एका प्रवास देयकाची पडताळणी

तीन दिवसांच्या दौऱ्याचं एक प्रवास देयक तपासायला आलं. स्वतःच्या गाडीने प्रवास, दोन रात्री हॉटेलात मुक्काम. अर्जावर पाच ओळी होत्या: गाडीभाडं ७,९४४, दैनिक भत्ता २,४००, टोल ५००, हॉटेल ४,४६४ आणि पार्किंग १२०. खाली एकूण १५,४२८. बेरीज करून पाहिली, बरोबर. सोबत जोडलेल्या टोल, हॉटेल आणि पार्किंगच्या पावत्यांची बेरीज ५,०८४, आणि अर्जावरच्या त्या तीन ओळींची बेरीजही ५,०८४. म्हणजे वरवर पाहता सगळं जुळत होतं. बरेच तपासनीस इथेच सही करतात. तरीही या देयकात ८६२ जास्त मागितले होते. ते कुठून आले आणि कसे सापडले, ते क्रमाने लिहितो.

अर्जावरची रक्कम आणि पावतीवरची रक्कम एकमेकींशी ताडून पाहिली की फक्त एवढंच कळतं, की अर्ज भरणाऱ्याने पावत्या नीट उतरवून घेतल्या. पावतीच दोनदा जोडली असेल, तर अर्जातही ती दोनदाच येणार आणि दोन्हीकडची बेरीज जुळणार. म्हणून मी अर्जावरचे आकडे बाजूला झाकून ठेवतो आणि प्रत्येक ओळ तिच्या मूळ पुराव्यावरून नव्याने बांधतो. किलोमीटर मीटरच्या नोंदीवरून, दिवस निघण्या-पोहोचण्याच्या वेळेवरून, खर्च पावतीवरून. माझे आकडे तयार झाले की मगच अर्ज उघडतो. आधी अर्जावरचा आकडा पाहिला की डोळा तोच आकडा शोधत राहतो, आणि ६२६ सुद्धा ६६२ वाचला जातो.

सगळ्यात आधी नियमाचं पान समोर ठेवलं. तीन गोष्टी त्यातून लिहून घ्यायच्या असतात. दर किती आणि कोणत्या तारखेपासून लागू. दिवस कसा मोजायचा. आणि दरात काय काय धरलेलं आहे. दर बदलला असेल तर प्रवासाच्या तारखेला जो लागू होता तो घ्यायचा, अर्ज ज्या दिवशी दिला त्या दिवशीचा नाही. या देयकात चारचाकीचा दर किलोमीटरला १२ होता आणि पूर्ण दिवसाचा भत्ता ८००. निघाल्यापासून दर २४ तासांचा एक दिवस. शेवटी उरलेले तास ६ पेक्षा कमी असतील तर काही नाही, ६ ते १२ तासांना अर्धा भत्ता, १२ च्या वर पूर्ण. किलोमीटरच्या दरात इंधन, झीज आणि विमा धरलेला. टोल आणि पार्किंग वेगळं मिळणार. जेवणखाण दैनिक भत्त्यात. हे शेवटचं वाक्य पुढे महत्त्वाचं ठरलं.

आता दैनिक भत्ता. अर्जात लिहिलं होतं: सोमवारी सकाळी ६:४० ला प्रस्थान, बुधवारी १८:०५ ला आगमन, दिवस ३, रक्कम २,४००. सोमवार, मंगळवार, बुधवार बोटांवर मोजले तर तीन दिवस होतात खरे, पण नियम २४ तासांचा आहे. सोमवार ६:४० ते बुधवार ६:४० हे दोन पूर्ण दिवस. त्यापुढे १८:०५ पर्यंत ११ तास २५ मिनिटं. १२ तासांच्या आत, म्हणजे अर्धा भत्ता. एकूण अडीच दिवस, २,०००. अर्जात ४०० जास्त दिसत होते.

हाच नियम जर तारखेप्रमाणे दिवस मोजणारा असता, म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, तर बुधवारचे १८ तास ५ मिनिटं धरून तो दिवसही पूर्ण झाला असता. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि अर्ज भरणारा अनेकदा आपल्या आधीच्या नोकरीतली पद्धत वापरतो. त्यामुळे भत्त्यात फरक आला आणि तो नेमका अर्ध्या दिवसाइतका असला, की मला पहिली शंका मोजण्याच्या पद्धतीचीच येते.

इथे लगेच ४०० कापून टाकणं सोपं होतं. पण निघण्या-पोहोचण्याची वेळ ही अर्जातली एकमेव गोष्ट असते जी माणूस आठवणीने लिहितो, म्हणून ती दुसऱ्या कशावर तरी घासून पाहावी लागते. स्वतःच्या गाडीच्या प्रवासात यासाठी टोलची नोंद सगळ्यात उपयोगी, कारण तिच्यावर यंत्राने टाकलेली वेळ असते. परतीच्या शेवटच्या नाक्यावरची नोंद होती १८:२२. जो माणूस १८:०५ ला घरी पोहोचला तो १८:२२ ला टोल नाक्यावर कसा असेल? तो नाका घरापासून ३१ किलोमीटरवर. म्हणजे चुकीची होती ती आगमनाची वेळ, आणि चूक अर्जदाराच्या विरुद्ध जाणारी होती.

फोन करून विचारलं, “बुधवारी तुम्ही किती वाजता पोहोचलात? अर्जात १८:०५ आहे, पण टोलची नोंद त्यानंतरची दिसतेय.” उत्तर आलं, “सात वाजून पाच मिनिटांनी. सातचे अठरा झाले माझ्या हातून.” १९:०५ धरलं तर नाक्यापासून घरापर्यंत ४३ मिनिटं लागली, ३१ किलोमीटरला ते पटण्यासारखं आहे. उरलेले तास आता १२ तास २५ मिनिटं झाले, म्हणजे तिसरा दिवसही पूर्ण. भत्ता २,४०० च राहिला. रक्कम तीच, पण आता तिच्यामागे पुरावा उभा होता. वेळ दुरुस्त करून न घेता २,४०० मंजूर केले असते तर पुढच्या लेखापरीक्षणात त्याच कागदावरून ४०० ची वसुली निघाली असती. आणि न विचारता ४०० कापले असते तर त्या माणसाच्या हक्काचे पैसे गेले असते. पडताळणी दोन्ही बाजूंनी करायची असते, हे मी फार गांभीर्याने घेतो.

तास मोजायला स्प्रेडशीट वापरत असाल तर एक बारीक गोष्ट सांभाळा. तिथे वेळ दिवसाच्या अपूर्णांकात साठवलेली असते. १२ तास म्हणजे ०.५. वजाबाकीत कधी कधी अगदी सूक्ष्म फरक राहतो आणि बरोबर १२ तासांचा प्रवास सीमारेषेच्या चुकीच्या बाजूला पडू शकतो. म्हणून आधी मिनिटांत आणून पूर्णांक करायचं, मग तुलना. B2 मध्ये प्रस्थानाची तारीख आणि वेळ, B3 मध्ये आगमनाची, असं धरून:

```
B4: =ROUND((B3-B2)*1440,0)
B5: =INT(B4/1440)
B6: =MOD(B4,1440)
B7: =B5+IF(B6>720,1,IF(B6>=360,0.5,0))
```

B4 ला एकूण मिनिटं मिळतात, B5 ला पूर्ण दिवस, B6 ला उरलेली मिनिटं आणि B7 ला भत्त्याचे दिवस. या दौऱ्यात B6 मध्ये ७४५ आले. वेळेसोबत तारीखही लिहायला विसरू नका. नुसती वेळ लिहिली तर दोन दिवस हिशेबातून गायब होतात. आणि बरोबर १२ तासांना अर्धा की पूर्ण, ते नियमाच्या भाषेवर ठरतं. “१२ च्या वर” आणि “१२ किंवा जास्त” यांत एका मिनिटाने अर्ध्या दिवसाचा फरक पडतो.

यानंतर किलोमीटर. अर्जासोबत निघतानाच्या आणि पोहोचल्यानंतरच्या मीटरचे फोटो होते: ४८,२१६ आणि ४८,८४२. वजाबाकी ६२६. दर १२, म्हणजे ७,५१२. अर्ज उघडून पाहिला तर तिथे ६६२ किलोमीटर आणि ७,९४४.

एका पुराव्यावर थांबू नये म्हणून दुसरीकडूनही मोजलं. नकाशावर एका बाजूचं अंतर २८४, जाऊन-येऊन ५६८. तिथे पोहोचल्यावर झालेली फिरती भेटींच्या तक्त्यावरून ५२: सोमवारी १२, मंगळवारी २८, बुधवारी १२. मिळून ६२०. मीटरचे ६२६ आणि नकाशाचे ६२० यांत ६ किलोमीटरचा, म्हणजे साधारण एक टक्क्याचा फरक. एवढा फरक असणारच. इंधन भरायला वळणं, पार्किंग शोधणं, एखादा वळसा, यात तो सहज जातो. उलट दोन्ही आकडे किलोमीटरपर्यंत तंतोतंत सारखे आले तर मला वाटतं की मीटर वाचलाच नाही, नकाशावरून आकडा उतरवला आहे. ६६२ मात्र नकाशापेक्षा ४२ ने जास्त, जवळपास सात टक्के, आणि त्यासाठी अर्जात कुठलंही कारण नव्हतं.

६२६ आणि ६६२ यांतला फरक ३६. नऊने भाग जातो. शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी गेले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, कारण एका अंकाची किंमत दहापट होते आणि दुसऱ्याची एक दशांश उरते. भागाकार किती आला ते पाहिलं की आणखी कळतं: ३६ भागिले ९ म्हणजे ४, आणि अदलाबदल झालेल्या ६ आणि २ मधलं अंतरही ४ च. अर्थात नऊने भाग गेला म्हणजे अंक उलटलेच असं ठरत नाही, योगायोगानेही भाग जातो. पण मीटरचे फोटो समोर असताना शंकेला जागा राहिली नाही. अर्जदाराने वजाबाकी बरोबर केली होती, दुसऱ्या कागदावर उतरवताना अंक फिरले. रकमेत फरक ४३२.

अर्जासोबत इंधनाच्याही पावत्या होत्या, एकूण ३८ लिटरच्या. त्या रकमेत धरलेल्या नव्हत्या, ते बरोबरच. किलोमीटरच्या दरात इंधन आलेलं आहे, दोन्ही घेतले तर एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळतात. पण मग त्या पावत्यांवरून किलोमीटर तपासता येतील का, असा प्रश्न येतो. ६२६ ला ३८ ने भागलं तर लिटरला साडेसोळा किलोमीटर, ६६२ ला भागलं तर १७.४. दोन्ही आकडे कुठल्याही साध्या गाडीला शोभणारे. शिवाय निघताना टाकी किती भरलेली होती ते माहीत नाही. त्यामुळे इंधनाची पावती दुप्पट किलोमीटर लावले असतील तर ओरडून सांगेल, पण ३६ किलोमीटरची चूक तिला दिसत नाही. मी ती वाहन खरंच त्या तारखेला त्या रस्त्यावर होतं का, एवढ्यापुरतीच पाहतो.

पावत्यांकडे वळताना प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक टाकला आणि एका तक्त्यात उतरवली: तारीख, वेळ, कोणी दिली, पावतीचा नंबर, रक्कम, अर्जातली कोणती ओळ. रक्कम मुद्दाम शेवटाकडे लिहितो. दुबार पावती शोधताना रक्कम सगळ्यात कमी उपयोगाची असते. या दौऱ्यातच पाहा: जाताना ८५ आणि ११०, येताना ११० आणि ८५. ११० दोनदा असणं रास्त आहे. अर्जात मात्र ११० तीनदा होते.

चार नोंदी टोल खात्याच्या विवरणपत्रातून आल्या होत्या, बेरीज ३९०. पाचवी होती नाक्यावर मिळालेली कागदी चिठ्ठी, ११० ची. दोन्हींवरचे नंबर वेगळे होते, कारण चिठ्ठीवर नाक्याचा क्रमांक असतो आणि विवरणपत्रात व्यवहाराचा. त्यामुळे नंबर जुळवून ही दुबार कधीच सापडली नसती. वेळ पाहिल्यावर सापडली: चिठ्ठीवर बुधवार १६:०७, विवरणपत्रात त्याच नाक्यावर बुधवार १६:०९. दोन मिनिटांत एक गाडी एकाच नाक्यातून एकाच दिशेने दोनदा जात नाही. पैसे खात्यातून एकदाच गेले होते, पुरावे दोन गोळा झाले होते. टोल ३९०, फरक ११०.

हीच गोष्ट हॉटेलच्या बिलात दुसऱ्या रूपात दिसते. बिल आणि कार्डाची पैसे भरल्याची चिठ्ठी, दोन्ही जोडलेली असतात. बिल सांगतं कशाचे पैसे झाले, चिठ्ठी सांगते ते भरले गेले. दोन मिळून एकच खर्च. इथे अर्जदाराने ते बरोबर केलं होतं, एकदाच धरलं होतं. पण बिल उघडून ओळीओळीने बांधलं: दोन रात्रींचं भाडं १,८५० प्रमाणे ३,७००, त्यावर १२ टक्के कर ४४४, मिळून ४,१४४. बिलाची एकूण रक्कम ४,४६४. मधले ३२० म्हणजे मंगळवारी रात्री खोलीत मागवलेलं जेवण, करासकट. जेवण दैनिक भत्त्यात आलेलं आहे, म्हणून ते हॉटेलच्या ओळीतून वजा. फरक ३२०.

या तीन फरकांपैकी हा शोधायला सगळ्यात अवघड, कारण पावती खरी आहे, रक्कम खरी आहे, बेरीज बरोबर आहे. फक्त खर्चाचा प्रकार चुकीच्या ओळीत बसला आहे. म्हणून हॉटेलचं बिल एकरकमी कधीच घेत नाही. भाडं आणि त्यावरचा कर वेगळा काढतो, बाकी प्रत्येक ओळीला विचारतो की तू कुठल्या नियमात बसतेस. धुलाई, फोन, जेवण, सगळं इथेच लपलेलं असतं. भाड्यातच नाश्ता धरलेला असेल तर काही नियम भत्त्यातून ठरावीक टक्के कापायला सांगतात. या देयकाच्या नियमात तशी अट नव्हती, त्यामुळे तिकडे हात लावला नाही. नियमात नसलेली कपात आपल्या मनाने करायची नाही.

पार्किंगच्या दोन पावत्या ६० च्या. एक स्पष्ट, दुसरी जवळजवळ कोरी. उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची छपाई ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा संपर्क यांनी पुसट होते. अर्जदाराने बँकेच्या विवरणाची ओळ जोडली होती, त्यात तारीख आणि ६० ची नोंद होती, म्हणून ती मान्य केली. अशा पावत्यांचा मिळाल्या दिवशीच फोटो काढून ठेवायला सांगतो.

आता अर्ज आणि माझा तक्ता शेजारी ठेवले. माझी बेरीज: ७,५१२, २,४००, ३९०, ४,१४४ आणि १२०, एकूण १४,५६६. अर्जाची १५,४२८. फरक ८६२. सापडलेल्या चुका ४३२, ११० आणि ३२०, त्यांची बेरीजही ८६२. ही शेवटची पायरी मी कधी सोडत नाही. फरक नुसता काढून उपयोग नाही, त्यातला शेवटचा आकडासुद्धा कुठल्या ना कुठल्या ओळीला बांधला गेला पाहिजे. इथे जर ८५० च स्पष्ट झाले असते आणि १२ उरले असते, तर १२ म्हणजे एक किलोमीटर, तो शोधायला परत मागे जावं लागलं असतं. उरलेला छोटा फरक छोट्याच चुकीचा असतो असं नाही. एक मोठी चूक वरच्या बाजूला आणि दुसरी मोठी खालच्या बाजूला असली तरी उरतो तो छोटाच.

उरलेला फरक कसा दिसतो यावरून तो कुठे शोधायचा ते बरंच कळतं. दराने पूर्ण भाग गेला तर किलोमीटरमध्ये. अर्ध्या किंवा पूर्ण भत्त्याइतका असला तर दिवसांत. एखाद्या पावतीच्या रकमेएवढा असला तर ती राहिली किंवा दोनदा आली. एखाद्या रकमेच्या दुप्पट असला तर ती वजा करायच्या ऐवजी मिळवली गेली असावी. स्प्रेडशीटमधल्या अर्जात बेरीज शेवटच्या पावतीइतकी कमी येत असेल तर SUM ची कक्षा शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलेली नाही. आणि आकड्याच्या घरात “६० रोख” असं काही लिहिलं असेल तर तो आकडा न राहता मजकूर होतो. SUM तो मुकाट्याने वगळतं, कुठलाही इशारा देत नाही.

दौऱ्याआधी अर्जदाराने १०,००० आगाऊ घेतले होते. अर्जाप्रमाणे देय ५,४२८, पडताळणीनंतर ४,५६६. आगाऊ रक्कम मंजूर एकूण रकमेतून सगळ्यात शेवटी वजा करायची. मधल्या कुठल्या ओळीतून वजा केली की पुढे कोणालाच हिशेब लागत नाही.

अर्जावर आकडे खोडले नाहीत. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, तो वाचता येईल अशी, बाजूला मंजूर आकडा, तारीख आणि सही. आगमनाची वेळ अर्जदाराकडूनच दुरुस्त करून त्यांची सही घेतली, कारण ते त्यांचं विधान आहे, माझं नाही. शेरा असा लिहिला: “किलोमीटर मीटरनुसार ६२६, अर्जात ६६२, वजा ४३२. टोल चिठ्ठी बुधवार १६:०७ ची नोंद विवरणपत्रात समाविष्ट, वजा ११०. हॉटेल बिलातील जेवण दैनिक भत्त्यात समाविष्ट, वजा ३२०. आगमन १९:०५ असे दुरुस्त, शेवटचा टोल १८:२२. भत्ता ३ दिवस कायम. मंजूर १४,५६६, आगाऊ १०,०००, देय ४,५६६.”

सगळ्या पावत्यांवर देयक क्रमांकाचा आणि “अदा” असा शिक्का मारला. ती ११० ची कागदी चिठ्ठीही परत दिली नाही. तिच्यावर “दुबार, नामंजूर” लिहून, शिक्का मारून याच देयकाला टाचून ठेवली. शिक्का न मारता परत गेली असती तर तोच रस्ता असलेल्या पुढच्या दौऱ्याच्या पावत्यांत ती सहज मिसळली असती.